एका सहीचं खातं दोन सह्यांचं करताना

"वडील गेल्यावर मी आणि दादानं मिळून खातं उघडलं. उसाचं बिल त्यातच जमा होतं. दोघांपैकी कुणाचीही सही चालते. यंदा दादानं मला न विचारता एक लाख ऐंशी हजार काढले. विचारलं तर म्हणाला, माझाही हक्क आहे. आता दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघू नयेत असं करायचंय. दादा सही करायला येणार नाही. मी एकटा बँकेत जाऊन हे बदलू शकतो का?"

हा धाकटा भाऊ माझ्याकडे आला तेव्हा हातात पासबुक होतं. 6,40,000 जमेची ओळ आणि तिच्याखाली चौथ्या दिवशीची 1,80,000 ची ओळ, दोन्ही लाल पेनानं इतक्या जोरात अधोरेखित केल्या होत्या की कागद मागून उठला होता. बँकेतल्या नोकरीत आणि आता समुपदेशनाला बसल्यावर अशी पासबुकं मी बरीच पाहिली आहेत.

त्याला मी आधी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. खात्याचा प्रकार कायमचा बदलायचा, म्हणजे कुणाही एकाच्या सहीचा 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' काढून दोघांच्या सह्यांचा 'जॉइंटली' करायचा, तर त्या फॉर्मवर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. ते एकट्याला करता येत नाही. पण एकाच्या सहीवर पैसे देण्याची मुभा बँकेला दोघांनी मिळून दिलेली असते आणि दोघांपैकी एकानं ती लेखी मागे घेतली की ती संपते. मग बँक खात्यावर खूण करते आणि दोघांच्या एकत्र सूचनेशिवाय पैसे सोडत नाही. म्हणजे आज एकट्यानं करायचं काम आहे ते अर्ज देण्याचं, तोही आपल्या शाखेत, आणि पोच घेताना शिक्क्यासोबत तारीख आणि वेळसुद्धा लिहून घ्यायची. अर्ज पोचण्याआधी निघालेले पैसे बँक परत आणून देत नाही. कोण खरं, कोण खोटं हेही ती ठरवत नाही.

तो लगेच उठायला लागला. मी म्हटलं, "बसा जरा. दादांनी कुणाला चेक दिलेत का?"

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "खतवाल्याला दिलाय. अडतीस हजारांचा. पुढच्या तारखेचा."

इथंच घाईचा अर्ज महागात पडतो. बंदी आल्यावर तो चेक न वटता परत गेला असता. खत दोघांच्या शेतात पडलेलं, दुकानदाराशी वडिलांच्या वेळेपासूनचा व्यवहार, आणि चेक परत गेल्याचं प्रकरण नोटिशीपर्यंत, पुढं कोर्टापर्यंतही जाऊ शकतं. म्हणून अर्जात एक वाक्य वाढवलं: अमुक नंबरचा, 38,000 रुपयांचा, या दुकानाच्या नावाचा चेक वटवण्यास माझी हरकत नाही. चेकवर दादाची सही आहेच, धाकट्याची संमती अर्जात आली. दोघांची सूचना पूर्ण झाली आणि बँकेनं चेक वटवला. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते, विमा, सोसायटीचं कर्ज असलं तर तेही आधी असंच तपासावं.

दुसरी गोष्ट त्याच्या ध्यानातच नव्हती. दोघांच्या नावावर तीन लाखांची मुदत ठेव होती आणि ती पंधरा दिवसांत पिकणार होती. बचत खात्यावर दिलेली सूचना ठेवीला लागू होते असं लोक धरून चालतात. ठेवीची सूचना ठेवीच्या फॉर्मवर वेगळी असते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' ठेव मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात, पण मुदत संपल्यावर एकाची सही पुरते. म्हणजे खात्यावर बंदी आणून तो निर्धास्त बसला असता आणि पंधराव्या दिवशी दादा ठेव घेऊन गेला असता. त्याच अर्जात ठेवीचा नंबर घातला.

आठ दिवसांनी दादा स्वतः आला. चिडलेला होता. त्याचा दुसरा एक चेक अडला होता, एटीएम कार्ड चालत नव्हतं. खुर्चीवर बसून त्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी आणि वसतिगृह, एक लाख शहात्तर हजारांची पावती. "मुदत त्या दिवशी संपत होती. ह्याला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही," एवढंच म्हणाला. धाकटा पावतीकडं बघत राहिला.

हिशोब तिथंच मांडला. बिल 6,40,000. त्यातून खताचे 38,000 दोघांचे. उरले 6,02,000, म्हणजे प्रत्येकी 3,01,000. दादानं 1,80,000 आधीच घेतलेले, त्याला आणखी 1,21,000. खात्यात तेव्हा 4,22,000 होते, ते बरोबर जुळले. पैसा बुडाला नव्हता. तरी धाकटा म्हणाला, सह्या दोघांच्याच हव्यात, आणि या वेळी दादानंही हो म्हटलं.

कायमच्या फॉर्मवर एका प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. तिथं दोन पर्याय असतात: नुसतं 'जॉइंटली', किंवा 'जॉइंटली ऑर सर्व्हायव्हर'. नुसत्या 'जॉइंटली'त एक खातेदार गेला तर पैसे हयात असलेल्याला एकट्याला मिळत नाहीत, गेलेल्याच्या वारसांनी त्याच्याबरोबर सह्या कराव्या लागतात. कागदपत्रं वाढतात, महिने जातात. दुसऱ्या पर्यायात हयात असलेला एकटा पैसे घेऊ शकतो. नवरा-बायकोला मी नेहमी 'ऑर सर्व्हायव्हर' ठेवा असंच सांगतो, कारण ऐन दुःखात घरखर्च अडायला नको. या भावांना मात्र मी उलट सांगितलं. पैसा निम्मा निम्मा, संसार वेगळे. एक गेला तर त्याच्या बायकोला दिराकडे आपलाच वाटा मागत बसावं लागू नये. त्यांनी नुसतं 'जॉइंटली' घेतलं. नामनिर्देशन होतं, पण संयुक्त खात्यात ते दोघंही गेल्यावरच कामाला येतं, त्यामुळे या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

फॉर्म भरताना धाकट्याची सही जुळेना. अकरा वर्षांपूर्वीची सही पूर्ण नावाची, आता नुसती रेघ ओढल्यासारखी. दोन सह्यांच्या खात्यात दोन्ही जुळाव्या लागतात, एक हलली तरी चेक परत. दोघांच्या नमुना सह्या नव्यानं दिल्या. जुनी चेकबुकं आणि कार्डं जमा केली. फोनवरून पैसे पाठवणं बंद झालं, कारण एकट्यानं होणारे व्यवहार अशा खात्यावर बहुतेक बँका देत नाहीत. एक जण आजारी पडला की दुसऱ्याचेही पैसे अडतात, हेही मी दोघांसमोर बोललो. म्हणून या खात्यात फक्त उसाचं बिल आणि दोघांचा खर्च ठेवायचा आणि बिल आलं की त्याच आठवड्यात दोन चेक लिहून आपापला वाटा आपापल्या खात्यात न्यायचा असं ठरलं.

दोन महिन्यांनी धाकट्याचा फोन आला. दादा पाणीपट्टी आणि मजुरीसाठी दहा कोऱ्या चेकवर सही करून ठेव म्हणतोय, मागंपुढं पळायला नको म्हणून, करू का? मी म्हटलं, कोऱ्या चेकवर नको. सही केलीत की खातं पुन्हा एका सहीचं झालं. नाव आणि रक्कम लिहिलेले चेक करा, हवे तर पाच एकदम. त्यानं फोनवरच हाक मारली, "दादा, मजुरीचा आकडा सांग रे," आणि मागून आकडा ऐकू आला.