किल्ली घेण्याआधी ताब्याच्या पत्रावरची तारीख बघा

प्रश्न: नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतलाय. ताबा आठ महिने लांबला. आता बिल्डर म्हणतो, "पुढच्या आठवड्यात किल्ली घ्या, फर्निचर सुरू करा." क्लबहाउस अर्धवट आहे. तुमचा ताबा घेतानाचा अनुभव कसा होता? काय बघावं?

उत्तर:

माझा फ्लॅट इंदिरानगर भागात आहे. बिल्डरचं नाव लिहीत नाही. बांधकामाला मी चांगले गुण देईन, कागदपत्रांना काठावर पास आणि क्लबहाउसला नापास. पण तुमच्या प्रश्नातला "फर्निचर सुरू करा" हा भाग मला सगळ्यात जास्त खटकला, म्हणून तिथूनच सुरू करतो.

याला बिल्डरच्या ऑफिसात फिट-आउट पझेशन म्हणतात. किल्ली हातात देतात, पण महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आलेलं नसतं. किल्लीसोबत एक पत्र सहीला येतं. माझ्या पत्रात साधारण असं होतं: "सदनिकेचा ताबा आज मिळाला असून क्षेत्रफळ, बांधकाम व सोयीसुविधा याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, फॉर्मॅलिटी आहे, सगळेच करतात." सगळे करतात हे खरंच होतं; माझ्यासमोरच दोघांनी न वाचता सही केली. पण उशीर केव्हा संपला आणि तुम्ही काय काय मान्य केलंत, हे पुढे बिल्डर याच कागदावरून सांगणार.

आधी ओसीचं. फ्लॅटच्या मालकीबाबतच्या 1963 च्या मोफा कायद्यात तरतूद आहे की पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा द्यायचा नाही आणि घेणाऱ्यानेही घ्यायचा नाही. म्हणजे यात आपणही अडकतो. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यातल्या नमुना करारातही शेवटचा हप्ता ओसी आल्यावर, ताब्याच्या वेळी द्यायचा असतो. तेव्हा ओसीची प्रत ईमेलवर मागवा. "अर्ज केलाय, येईलच" याला प्रत म्हणत नाहीत.

प्रत आली की ती शांतपणे वाचा. बहुतेक जण नुसता शिक्का बघतात. त्यात सर्व्हे नंबर, विंग आणि कुठल्या मजल्यापर्यंत परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. आमची ओसी भाग भोगवट्याची निघाली: माझी विंग होती, क्लबहाउसची इमारत नव्हती. सेल्सवाले "फक्त रंगकाम बाकी" सांगत होते, आणि महापालिकेच्या कागदावर त्या इमारतीचा पत्ताच नव्हता.

आता सोयीसुविधा. ब्रोशरमधल्या चित्रापेक्षा नोंदवलेल्या करारनाम्याची अनुसूची भक्कम. ब्रोशर आणि जाहिरातीतल्या आश्वासनांवरही रेरात तक्रार करता येते, तेव्हा ती फेकू नका. पण करारात "जिम" एवढंच लिहिलं असेल तर दोन ट्रेडमिल ठेवलेली खोलीही जिमच ठरते. आमच्याकडे नेमकं हेच झालं. क्लबहाउस अनुसूचीत स्पष्ट होतं म्हणून त्यावर भांडता आलं. रेरा राबवणाऱ्या महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून (नाशिकच्या जुन्या नोंदणीचे नंबर P516 ने सुरू होतात) मंजूर नकाशाही बघा. नकाशातच क्लबहाउस नसेल तर विषय वेगळा आणि जास्त गंभीर.

उशिराचं व्याज. रेराच्या कलम 18 नुसार, प्रकल्पात राहायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात दर आहे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा मूळ व्याजदर, अधिक 2 टक्के. हिशेबापुरता एमसीएलआर 9 धरला तर दर 11 टक्के. तुम्ही 42 लाख भरलेत असं समजू. वर्षाचं व्याज 4 लाख 62 हजार, महिन्याचं 38,500, आठ महिन्यांचं 3 लाख 8 हजार. ही रक्कम बघितली की त्या पत्रावर आजची तारीख घालायची घाई कशाला असते ते कळतं. आज ताबा मिळाल्याचं लिहून दिलंत आणि ओसी चार महिन्यांनी आली, तर मधल्या चार महिन्यांचं, म्हणजे दीड लाखाच्या वरचं व्याज वादात जातं.

बिल्डर सांगेल की रेराकडून मुदतवाढ मिळालीय. ती त्याच्या नोंदणीला मिळते, तुमच्या करारातली तारीख तिने बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात हे सांगितलंय. मात्र करारात सहा महिन्यांची सवलत मुदत किंवा "अपरिहार्य कारणं" असं कलम असेल तर ते आधी वाचा. काही महिने तिथेच गळू शकतात.

मी काय केलं? ओसी येईपर्यंत किल्ली घेतली नाही. नंतर पत्रावरचं "तक्रार नाही" हे वाक्य खोडून तिथे लिहिलं, "विलंबाचे व्याज, अपूर्ण सुविधा व सोबतच्या यादीतील दोष यांबाबतचे हक्क राखून ताबा घेत आहे." त्यांच्या माणसाची पोच घेतली. मॅनेजर चिडला, दोन-तीन दिवस किल्ली अडवली, मग दिली. व्याज पूर्ण मिळालं नाही. दोन वर्षांच्या आगाऊ मेंटेनन्समध्ये वळतं करून साधारण निम्म्यावर तडजोड झाली. महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता आली असती, फी 5,000 रुपये आहे. पण मला सुनावणीची वाट बघायची नव्हती, आणि निम्मं लगेच मिळणं मला परवडलं. तुमची रक्कम मोठी असेल तर वेगळा विचार करा.

विक्रीनंतरची सेवा ताब्याच्या दिवशी कळतच नाही, ती पावसाळ्यात कळते. आमचा ताबा उन्हाळ्यातला, भिंती कोरड्या ठणठणीत. जुलैत पश्चिमेच्या बेडरूमच्या खिडकीखाली ओल आली. साइट इंजिनिअरने माणूस पाठवला, त्याने व्हाइट सिमेंट फासलं, पुढच्या झडीला पुन्हा तेच. खिडकीखालच्या कडप्प्यावर मगभर पाणी ओतून बघितलं तर ते बाहेर न जाता आत, फ्रेमकडे येत होतं. उतारच उलटा होता, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम व प्लास्टर यांच्यातली फट बुजवलेली नव्हती. अशा ठिकाणी व्हाइट सिमेंट टिकत नाही. कडप्पा काढून उतार द्यावा लागतो आणि फटीत सीलंट भरावं लागतं.

फोनवर "बघतो सर" चालू होतं. मग तारखेसह फोटो लावून ईमेल केला: रेराचं कलम 14(3), ताब्यापासून पाच वर्षांतला बांधकामातला दोष, 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. त्यानंतर कारागीर आले आणि काम नीट झालं. ही पाच वर्षं ताब्याच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा ओसीआधी सही केलीत तर बिल्डर हा काळही तेव्हापासूनच धरणार.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात दोनच गोष्टी करा. ओसी आणि ताबा पत्राचा मसुदा, दोन्ही ईमेलवर मागा. मसुदा आधी द्यायला ते तयार नसतील तर त्यात "तक्रार नाही" आहे असं धरूनच जा, आणि सोबत दोषांची यादी दोन प्रतींत छापून न्या.