'ह' नसलेला प्रश्न

प्रश्न : हिब्रूत वाक्याच्या सुरुवातीला 'ह' लावला की प्रश्न होतो असं वाचलं. मग 'ह' नसेल तेव्हा प्रश्न कसा ओळखायचा? की ती नकलाकाराची चूक समजायची?

आधी एक गैरसमज. 'हिब्रूतला ह म्हणजे इंग्रजीतला द' हे वाक्य ऐकून कान किटले. तो ह वेगळा. 'हम्मेलेख' म्हणजे तो अमुक राजा. त्यात म दुहेरी. प्रश्नाचा ह तोकडा, घाईत उच्चारलेला, आणि त्याच्यापुढे म सहसा एकेरीच राहतो : 'हमेलेख', राजा का? आपला 'का' शेवटी बसतो, हा पहिल्याच शब्दाला चिकटतो. पुढे कंठ्य वर्ण आला की दुहेरीपणा जातो, आणि मग दोन्ही ह सारखे दिसू लागतात. घोटाळा होतो तो तिथे.

आता बिनखुणेचे प्रश्न. जुन्या करारातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या अठराव्या अध्यायात दावीद राजा मुलाची, अबशालोमची, खबर दोन जासुदांना विचारतो. एकोणतिसाव्या वचनात 'शालोम लन्नअर?', बत्तिसाव्यात 'हशालोम लन्नअर?'. अर्थ एकच : पोर खुशाल आहे ना? पहिल्या जागी ह गळाला, असं म्हणून काही संपादक तो घालून मोकळे होतात. शेजारी दुसरा ह असता, तर नकलाकाराची नजर चुकून एक सुटला म्हणता आलं असतं. पण आधीचा शब्द 'हम्मेलेख' ख ने संपतो आणि पुढे श आहे. चुकायला जागाच नाही!

एक वचन मागे जा. पहिला जासूद, अहीमास, येताक्षणी ओरडतो : 'शालोम!' राजा त्याच्याच तोंडचा शब्द उचलतो : 'शालोम... पोराला?' दुसरा जासूद, कूशी, शालोम म्हणतच नाही, म्हणून त्याला नव्याने ह लावून विचारावं लागतं. माझं मत ठाम आहे : बिनखुणेचा प्रश्न बहुधा समोरच्याचं बोलणं पुन्हा तोलून बघतो. मराठीत कोणी 'येतो' म्हटल्यावर आपण 'येतोस?' म्हणतो, तिथे 'का' लागतो कुठे?

उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातही तेच. आंधळा इसहाक एकविसाव्या वचनात 'ह' आणि शेवटी 'इम लो' (की नाही) घालून विचारतो : तू माझा मुलगा एसाव आहेस की नाहीस? मग एसाव म्हणून समोर आलेल्या दुसऱ्या मुलाचे, याकोबाचे, हात चाचपतो. चोविसाव्यात नुसतं 'अत्ता झे बनी एसाव' : तूच ना माझा एसाव? ते विधान नव्हे, हे पुढच्या शब्दावरून कळतं. याकोब म्हणतो, 'अनी', मी. त्या हिब्रूत 'हो' असं म्हणायला वेगळा शब्द नव्हता. प्रश्नातलाच कळीचा शब्द उत्तरात परत यायचा. म्हणून शंका आली की आधी पुढची ओळ वाचावी.

आजच्या बोलीत दुहेरी व्यंजन ऐकू येत नाही, त्यामुळे 'ह'ने प्रश्न करणं अवघडच. लिखाणात आणि औपचारिक बोलण्यात 'हइम' येतो, एरवी 'अता बा?' म्हणताना नुसता सूर चढतो. हा 'हइम' जुन्या करारात फक्त दोनदा सापडतो, गणनेत आणि ईयोबात.