मॉर्फिनचा पॅच का नाही आणि फेंटानिलचा का आहे

प्रश्न: बाबांना हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. आता डॉक्टरांनी फेंटानिलचा २५ चा पॅच दिलाय, तीन दिवसांनी बदलायचा. कातडीतून औषध तीन दिवस एकसारखं कसं जातं? आणि मग मॉर्फिनचाच पॅच का नाही दिला? आम्ही म्हापशाला राहतो.

उत्तर: मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत फॉर्म्युलेशनचं काम बरीच वर्षं केलं, आणि सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याला शेवटच्या वर्षात हाच पॅच होता. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कितीतरी कमी, पण औषधाला अडवणारी खरी भिंत तीच. आपल्याकडची चिऱ्यांची भिंत डोळ्यांसमोर आणा. चपट्या, कोरड्या पेशी हे चिरे, आणि त्यांच्या सांध्यांत भरलेला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. औषधाचा रेणू चिऱ्यातून सहसा जात नाही. तो सांध्यासांध्यांतून, वाकडीतिकडी वाट काढत खाली उतरतो. म्हणून त्याला तेलकट पदार्थात विरघळता आलंच पाहिजे.

पण तेवढ्याने भागत नाही. भिंत संपली की खाली जिवंत पेशींचा ओला भाग लागतो, आणि रक्ताच्या केशवाहिन्या त्याच्याही खाली असतात. रेणू फारच तेलकट असेल तर तो वरच्या थरातच अडकून बसतो. म्हणजे तेलात चांगला विरघळणारा, पण पाण्याशी अगदीच वैर नसलेला रेणू लागतो. शिवाय तो लहान हवा. साधारण ५०० डाल्टनच्या पुढच्या वजनाचे रेणू निरोगी कातडीतून उपयोगी पडेल एवढ्या प्रमाणात जात नाहीत. इन्सुलिन ५८०० च्या आसपास आहे, म्हणून त्याचा साधा चिकटवायचा पॅच नाही.

आता तुमच्या मॉर्फिनकडे येऊ. मॉर्फिनचं रेणुभार २८५ आणि फेंटानिलचं ३३६, म्हणजे मॉर्फिनच लहान! तरीही ते मागे पडतं, कारण त्याच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट आहेत आणि ते पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे चुन्याच्या सांध्यात शिरायला त्याला जड जातं. फेंटानिलवर असे गट नाहीत, ते स्निग्ध थरात सहज विरघळतं.

दुसरं कारण मात्रेचं, आणि माझ्या मते तेच जास्त निर्णायक आहे. २५ चा पॅच म्हणजे ताशी २५ मायक्रोग्रॅम. २४ तासांचे ६०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला ०.६ मिलिग्रॅम. तेवढ्याच आरामासाठी तोंडाने मॉर्फिन दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लागतं. पॅच लावायला जागा थोडी, आणि त्या जागेतून चांगला रेणूसुद्धा दिवसाला काही मिलिग्रॅमच जातो. म्हणून पॅचसाठी असंच औषध निवडतात ज्याचा कणभर भाग पुरतो. पॅरासिटामॉलचा रेणू फेंटानिलच्या निम्म्याहूनही लहान आहे, पण एका वेळची मात्राच ५०० मिलिग्रॅम. तेवढं कातडीतून ढकलायला अख्खं अंग झाकावं लागेल.

एकसारखं कसं जातं, हे समजायला एवढंच लक्षात ठेवा: औषध जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे जातं, आणि वेग त्या फरकावर आणि पॅचच्या क्षेत्रफळावर ठरतो. खालचं रक्त आलेलं औषध सतत वाहून नेतं, म्हणून खालची बाजू जवळजवळ रिकामी राहते. वरची बाजू भरलेली ठेवण्यासाठी पॅचमध्ये गरजेपेक्षा बरंच जास्त औषध घातलेलं असतं. तीन दिवसांत ताशी २५ प्रमाणे १.८ मिलिग्रॅमच जायचं असतं, पण आत त्याच्या दुपटीहून जास्त असू शकतं. त्यामुळे दोन्हींमधला फरक तीन दिवस फारसा घटत नाही, आणि वेगही. एकाच कंपनीचा ५० चा पॅच २५ च्या दुप्पट आकाराचा असतो, तो याच हिशेबाने.

पण रक्तात औषध लगेच पोचत नाही. आधी ते वरच्या थरात आणि त्याखालच्या चरबीत मुरतं, तिथे साठा होतो, आणि तिथून रक्तात झिरपतं. पुरतं प्रमाण यायला १२ ते २४ तास जातात. म्हणून पहिल्या दिवशी बाबांना दुखलं तर "पॅच चालत नाही" असं समजून दुसरा लावू नका. मधल्या वेळासाठी कुठली गोळी किती द्यायची, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हाच साठा पॅच काढल्यावरही औषध देत राहतो. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात.

आमची चूक इथेच झाली. आत्याचा पॅच पाठीवर होता आणि पाठच दुखायची. चुलतभावाने मायेने गरम पाण्याची पिशवी नेमकी त्यावर ठेवली. उष्णतेने सांधे सैल होतात आणि कातडीतलं रक्त वाढतं, म्हणजे औषध आत यायची वाटही रुंद होते आणि खालून ते नेणाराही जोरात धावतो. दुपारपर्यंत ती हाक मारून उठेना. श्वास मिनिटाला आठ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पॅच काढून, जागा पाण्याने धुऊन आम्ही तिला इस्पितळात नेलं. तिथे उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं, पण त्याचा परिणाम फेंटानिलच्या आधी ओसरतो, म्हणून रात्रभर पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. ती वाचली. पण पॅच काढला म्हणजे धोका संपला, हा माझा समज तेव्हा कायमचा गेला.

त्यामुळे बाबांच्या पॅचवर शेक, गरम पाण्याची पिशवी, जवळ धरलेला हीटर काहीच नको. ताप ४० अंशांपर्यंत गेला तर रक्तातलं प्रमाण एक तृतीयांशाने वाढू शकतं, तेव्हा ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाबा फार गुंगीत दिसले तर आधी मिनिटभर श्वास मोजा. दहाच्या खाली गेले किंवा हलवूनही जागे होत नसतील तर पॅच काढून थेट इस्पितळ गाठा.

मे महिन्यातल्या आपल्या घामाने वेगळाच त्रास होतो. कडा सुटली की टेकलेलं क्षेत्रफळ घटतं, औषध कमी जातं आणि तिसऱ्या दिवशी दुखणं परत येतं. लावायची जागा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. साबण, खोबरेल तेल, पावडर नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, कारण खरचटलेली भिंत म्हणजे उघडी वाट. तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. कडा उचललीच तर फक्त कडांवर वैद्यकीय चिकटपट्टी लावा. पॅच कापून अर्धा लावू नका, आणि पुढचा पॅच वेगळ्या जागी लावा.

काढलेल्या पॅचमध्ये अजून बरंच औषध उरलेलं असतं, आणि लहान मुलाचा जीव घ्यायला तेवढं पुरतं. चिकट बाजू आत ठेवून तो घट्ट दुमडा, उघड्या कचऱ्यात टाकू नका, आणि परत कुठे द्यायचा ते पॅच घेतलात तिथेच विचारून ठेवा.