लघवी झाल्यावर थेंब थेंब गळते आणि योनीत पुढच्या बाजूला दुखते: युरेथ्रल डायव्हर्टिक्युलम असेल का?

प्रश्न: वय ३७. लघवी करून उठले की दोन-तीन मिनिटांत थोडी लघवी आपोआप गळते. योनीत पुढच्या बाजूला दुखतं, संबंधाच्या वेळी तर फारच. दोन वर्षांत कितीदा तरी युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या झाल्या. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. एका डॉक्टरांनी युरेथ्रल डायव्हर्टिक्युलमचा संशय घेतलाय. हे काय असतं? ऑपरेशन करावंच लागतं का?

उत्तर: ताई, मी युरॉलॉजिस्ट आहे. न तपासता ठाम काही सांगता येणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांचा संशय रास्त वाटतो.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो आणि योनीच्या पुढच्या भिंतीला अगदी लागून जातो. त्याच्या आजूबाजूला बारीक बारीक ग्रंथी असतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आत पू साठतो, आणि तो गळू बाहेर न फुटता मूत्रमार्गात फुटतो. पू निघून जातो, पण ती पोकळी तशीच राहते, पानसुपारीच्या चंचीसारखी: पोट मोठं, तोंड अरुंद. बहुतेक डायव्हर्टिक्युलम असेच तयार होतात. दर वेळी लघवी करताना थोडी लघवी या पिशवीत शिरते आणि तुम्ही उठून चालू लागलात, पिशवी दाबली गेली, की मागाहून गळते. जी आत राहते ती साचून नासते, म्हणून इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. गोळ्यांनी जंतू मरतात, पिशवी मात्र जागच्या जागी असते.

गळण्याचं एक साधं कारणही असू शकतं, ते आधी तपासून बघा. गुडघे जवळ ठेवून बसलं तर काही बायकांची थोडी लघवी योनीत जाते आणि उभं राहिल्यावर ओघळते. पाय नीट फाकवून, थोडं पुढे वाकून बसून बघा, घाई करू नका. एवढ्याने गळणं थांबलं तर प्रश्न मिटला. पण त्यात पुढच्या भिंतीला दुखत नाही, आणि तुमच्या प्रश्नात मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली यावर विसंबू नका. पोटावरून मूत्राशय आणि किडनी छान दिसतात. मूत्रमार्ग असतो जांघेच्या हाडामागे, तिथली दोन सेंटिमीटरची पिशवी सहज निसटते. आतून तपासणी झाली असली तरी ती कशी झाली ते विचारा. नेहमीचं दोन पात्यांचं स्पेक्युलम घातलं की त्याचं वरचं पातंच नेमकं पुढच्या भिंतीवर बसतं आणि गाठ त्याखाली झाकली जाते. ही भिंत बोटाने तपासावी लागते.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं असंच झालं होतं. वय तुमच्याएवढंच. लघवीच्या कल्चरमध्ये कधी ई. कोलाय सापडायचे, कधी काहीच नाही. मग कोणी मूत्राशय नाजूक आहे म्हणून गोळ्या दिल्या, कोणी टेन्शन घेऊ नका म्हणालं. शाळेत मधल्या सुट्टीत लघवीला जाऊन आल्यावर पुढच्या तासाला साडी ओली होईल या भीतीने त्या दिवसभर पाणीच पीत नसत. तपासताना योनीच्या तोंडापासून साधारण २ सेंटिमीटर आत, पुढच्या भिंतीवर, मऊ फुगवटा बोटाला लागला. दाबल्यावर त्या कळवळल्या आणि त्याच वेळी मूत्रमार्गाच्या तोंडाशी पिवळसर गढूळ थेंब आला. असा थेंब दिसला की निदान बऱ्यापैकी पक्कं होतं. न दिसला तरी नाही म्हणता येत नाही, कारण पिशवीचं तोंड सुजून बंद असू शकतं.

पुढची तपासणी म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय. त्यात पिशवीतलं पाणी पांढरं चमकतं. पिशवी केवढी आहे, एकाच बाजूला आहे की मूत्रमार्गाला वेढा घालून बसली आहे, हे कळतं. या बाईंची घोड्याच्या नालेच्या आकाराची होती, दोन्ही बाजूंनी वळलेली. आधी माहीत नसतं तर ऑपरेशनमध्ये एक टोक आत राहून गेलं असतं आणि त्रास परत आला असता. त्याशिवाय मूत्रमार्गात दुर्बीण घालून पिशवीचं तोंड कुठे आहे ते बघतात. ते फार बारीक असतं, दर वेळी सापडतंच असं नाही.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. साधी गाठ समजून कोणी क्लिनिकमध्ये सुई घालू किंवा चिरा देऊ म्हणालं, तर आधी एमआरआय मागा. पिशवीचा मूत्रमार्गाशी संबंध असतो. चिरा दिला तर लघवी योनीतून वाहण्याचा रस्ता, म्हणजे फिस्टुला, तयार होऊ शकतो.

ऑपरेशन करावंच लागतं असं नाही. पिशवी लहान असेल, त्रास कमी असेल, तर लघवी झाल्यावर स्वच्छ बोटाने पुढची भिंत आतून बाहेरच्या दिशेने हलके दाबून पिशवी रिकामी करायची, आणि इन्फेक्शन झालं तर कल्चरप्रमाणे औषध घ्यायचं. पुष्कळ जणी यावर भागवतात. पण पिशवी आपोआप बुजत नाही. तिच्यात खडे होऊ शकतात, आणि क्वचित कॅन्सरही. म्हणून गाठ टणक लागत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर वाट बघू नका. लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शिक्षिकाबाईंनी ऑपरेशन निवडलं. आधी इन्फेक्शन औषधांनी आटोक्यात आणलं. पोटावर चिरा नसतो, सगळं योनीमार्गे होतं. पुढची भिंत उघडून पिशवी मूत्रमार्गापासून सोडवायची, तोंडासकट काढायची, आणि मग थरावर थर शिवत यायचं. शिवण एकावर एक येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथेच फिस्टुला होतो. पिशवी मोठी असेल किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा होत असेल तर भगोष्ठातली चरबीची पट्टी मध्ये आणून बसवतात. काढलेली पिशवी बायोप्सीला जाते. त्यांची साधी निघाली.

कॅथेटर दोन आठवडे होता. काढण्याआधी मूत्राशयात औषध भरून एक्स-रे केला, शिवणीतून काही झिरपत नाही ना हे बघायला. या दिवसांत कॅथेटरला ताण बसू द्यायचा नाही, नळी मांडीला चिकटवून ठेवायची. शारीरिक संबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, आणि तेही डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटल्यावरच.

दुखणं आणि उठल्यावरचं गळणं गेलं. मात्र खोकताना-शिंकताना थोडी लघवी सुटू लागली. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामांनी काही महिन्यांत ती पुष्कळ कमी झाली. हा धोका ऑपरेशनआधी सांगितला जायला हवा, विशेषतः पिशवी मूत्राशयाच्या तोंडाजवळ असेल तर. तुम्हाला आत्ताच खोकताना लघवी सुटत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावरून ऑपरेशनची आखणी बदलते. हे काम रोजचं नाही, त्यामुळे सर्जनला सरळ विचारा, अशी ऑपरेशनं तुम्ही करता का. विचारण्यात काही गैर नाही, आम्हाला राग येत नाही. आणि जाताना सगळे जुने कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.