जुन्या कपचीचा आतला रंग बघ

वाईजवळच्या जुन्या देवळाच्या जोत्याच्या दुरुस्तीला दगड शोधतोयस, तर वरचा तपकिरी रंग जुळवत बसू नकोस. तो शेकडो वर्षांच्या ऊन-पावसाचा आहे. पडलेल्या जुन्या दगडाची कपची काढ, नवी कपचीही ताजी फोडलेली घे, दोन्ही ओल्या करून सावलीत शेजारी ठेव. खरा रंग आणि कण तेव्हा दिसतात.

मी एकदा फसलो. क्रशरच्या खाणीतला दगड काळाभोर, जुन्याशी हुबेहूब जुळला. पण त्यात पांढरे-हिरवे ठिपके होते, म्हणजे तो मांजऱ्या, लाव्हातल्या पोकळ्यांत खनिजं भरलेला दगड. दोन पावसाळ्यांत ठिपके गळून खड्डे पडले. शिवाय सुरुंगाने सूक्ष्म भेगा गेलेल्या. हातोडी मारली की खणखणीत नाही, बद्द आवाज यायचा. तेव्हा ऐकायला हवं होतं!

आपल्याकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे एकाच डोंगरात घट्ट पाषाण आणि मांजऱ्या वरखाली सापडतात. आधी देवळाजवळच्या ओढ्यात, माळावर टाकीच्या खुणांच्या जुन्या खाणी शोध. तुकडे रात्रभर भिजवून दिवसा उन्हात वाळव, महिनाभर. कडा भुसभुशीत झाली तर दगड नाकार.