रिपरिप, भुरभुर आणि सर : सगळ्यांनाच ‘ड्रिझल’?

प्रश्न : एका मराठी कथेचा इंग्रजीत अनुवाद करते आहे. त्यात ही वाक्यं आहेत : ‘सकाळपासून रिपरिप चालू होती. दुपारी एक जोराची सर येऊन गेली आणि संध्याकाळी नुसती भुरभुर उरली.’ रिपरिप, भुरभुर, रिमझिम, कुठलाही शब्द शोधला तरी समोर ‘ड्रिझल’च येतं. सरीसाठी मी ‘सडन शॉवर’ लिहिलं आहे. याहून नेमके शब्द आहेत का?

‘ड्रिझल’ फक्त भुरभुरीला द्या. सरीला नुसतं ‘शॉवर’ पुरतं, त्यातलं ‘सडन’ काढून टाका. रिपरिपीला मात्र एक शब्द शोधत बसू नका, तिथे वाक्यच वेगळं बांधावं लागेल. आता हे असं का, ते सांगते.

इंग्रजीत ‘रेन’ आणि ‘ड्रिझल’ यांतला फरक मुळात थेंबाच्या आकाराचा आहे. हवामानाच्या निरीक्षकांच्या व्याख्येत ड्रिझलचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात, दाट असतात, आणि पडण्यापेक्षा हवेबरोबर तरंगत आल्यासारखे दिसतात. खाली उतरलेल्या, चादरीसारख्या सलग ढगातून ते येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे डबकं. पाण्यावर वर्तुळं उमटताना दिसली तर तो रेन, काहीच उमटत नसेल आणि तरी हात ओला होत असेल तर ड्रिझल. आपली भुरभुर नेमकी हीच. पीठ किंवा रांगोळी भुरभुरवतात तसा तो पाऊस हवेतून झिरपतो. त्याला आवाज नसतो, छत्री उघडी असूनही चष्म्याची काच धुरकटते. काही भागांत यालाच बुरबुर म्हणतात. इथे ‘ड्रिझल’ अगदी चपखल बसतो.

रिमझिमीचं तसं नाही. या शब्दात आवाज आहे. पानांवर, पत्र्यावर थेंब पडल्याचं ऐकू येतं, म्हणजे ते ड्रिझलपेक्षा मोठे आहेत, डबक्यात वर्तुळं नक्की उमटणार. ही ‘लाइट रेन’ झाली. पण आकाराहून मोठी अडचण सुराची आहे. रिमझिम हा सुखाचा शब्द आहे. बूट भिजलेला, बस चुकलेला माणूस ‘बाहेर रिमझिम चाललीय’ असं म्हणणार नाही. उलट इंग्रजीत ‘ड्रिझल’ म्हटलं की बहुधा करडं आभाळ आणि कंटाळवाणी दुपार डोळ्यांपुढे येते. रिमझिमीला ‘ड्रिझल’ लिहिलं की पाऊस थोडाफार तोच राहतो आणि माणसाचा चेहरा बदलतो. रोजच्या बोलण्यात इंग्रज मंडळी कुठल्याही हलक्या पावसाला ‘ड्रिझल’ म्हणतात हे खरं, त्यामुळे शब्दकोशांना अगदी चूक म्हणता येत नाही. एकटादुकटा शब्द असेल तर ते चालूनही जातं. एकाच परिच्छेदात तीन वेगळे पाऊस असताना नाही चालत.

आणि आता रिपरिप. गंमत अशी की रिमझिम आणि रिपरिप हा पुष्कळदा एकच पाऊस असतो. थेंब तेवढेच, वेगही तेवढाच. ऐकणारा वैतागला की रिमझिमीची रिपरिप होते. ‘रिपरिप’मध्ये तीन गोष्टी एकत्र आहेत : पाऊस हलका आहे, तो थांबत नाही, आणि त्याचा कंटाळा आला आहे. लहान मूल एकसुरात रडत राहिलं की आपण ‘पिरपिर लावलीय’ म्हणतो, तीच जात. (पावसालाही पिरपिर म्हणतातच.) या तिन्ही गोष्टी एकदम सांगणारा शब्द इंग्रजीत माझ्या पाहण्यात नाही. ‘परसिस्टंट रेन’ हा हवामानाच्या बातमीतला शब्द झाला, त्यात वैताग नाही. ‘इन्सेसंट’मध्ये न थांबणं आहे, पण हलकेपणा नाही. मराठीतली रिपरिप तासन् तास पडूनही अंगण तुंबवत नाही, नुसती चिकचिक करते.

म्हणून इथे अर्थ वाटून द्यावा लागतो. हलकेपणा ‘थिन’ या विशेषणाकडे, सातत्य ‘स्टेडी’कडे किंवा क्रियापदाच्या काळाकडे, आणि वैताग ‘लेट अप’ न होण्याकडे. ‘थिन रेन दॅट वुड नॉट लेट अप’ असं काहीसं.

यामागे दोन भाषांच्या घडणीतला फरक आहे. मराठीत पावसाची तऱ्हा बहुतेक वेळा क्रियाविशेषण सांगतं आणि क्रियापद साधंच राहतं : रिमझिम पडतो, टपटप पडतो, धो धो पडतो. इंग्रजीत ती तऱ्हा क्रियापदातच शिरते : पॅटर, स्पिट, पोर, लॅश, ड्रम. ‘रिमझिम’ला नाम किंवा विशेषण शोधत राहिलात तर सापडणार नाही, पण ‘पाऊस पानांवर रिमझिमत होता’ याला ‘पॅटर’ हे क्रियापद छान बसतं. थेंब थेंब येऊ लागला, अंगावर दोन-चार शिंतोडे पडले, याला ब्रिटनमध्ये ‘इट्स स्पिटिंग’ म्हणतात. अमेरिकन वाचकासाठी लिहायचं असेल तर ‘स्प्रिंकल’ बरा.

सरीकडे येऊ. ‘शॉवर’ म्हणजे उभ्या वाढणाऱ्या, ढिगासारख्या ढगातून येणारा पाऊस. तो एकदम सुरू होतो, एकदम थांबतो, आणि बऱ्याचदा मागेपुढे आभाळ मोकळं असतं. एकदम येणं हे शॉवरच्या अर्थातच आहे, म्हणून ‘सडन’ जास्तीचं झालं. कथेत कुणी दचकलं असेल तर ठेवा, एरवी नको. ‘सर’ही अशीच. ती येते, पडते, येऊन जाते. सर ‘लागली’ असं कुणी म्हणत नाही. लागते ती झड. ‘पाऊस लागला’ म्हणजे आता तो लवकर उठणार नाही. त्याला इंग्रजीत ‘द रेन सेट इन’ हा सुरेख प्रयोग आहे, पण अनुवादांत तो फारसा दिसत नाही, सगळे ‘इट स्टार्टेड रेनिंग’ लिहून मोकळे होतात. पावसाचं नाम अडलं तर त्याचं क्रियापद पाहायचं, अशी मला सवय लागली आहे. ‘येऊन गेली’ असेल तर शॉवर, ‘लागली’ असेल तर शॉवर नक्की नाही. श्रावणातल्या शाळकरी कवितेमुळे सगळ्यांना ठाऊक असलेलं शिरवं हेही सरीच्याच घरचं : क्षणभर पाऊस, पुन्हा ऊन. त्याला ‘पासिंग शॉवर’ म्हणावं.

तुमची सर ‘जोराची’ आहे. त्यासाठी ‘शार्प शॉवर’ हा प्रयोग पाहा, थोडा वेळच पण जोरदार असा त्याचा अर्थ होतो. ‘डाउनपोर’ही चालेल, फक्त तो शब्द किती वेळ ते सांगत नाही. ‘क्लाउडबर्स्ट’ मात्र लिहू नका. आपल्याकडे तो ‘ढगफुटी’ला बांधलेला आहे, आणि भारतीय हवामान विभागाची ढगफुटी म्हणजे २०-३० चौरस किलोमीटरच्या लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भारतीय वाचकाला ‘क्लाउडबर्स्ट’ म्हटलं की असं काहीतरी आठवतं. कथेतल्या दुपारच्या सरीत फार तर वाळत घातलेले कपडे भिजले असतील.

एक शंका तुम्हाला येईल. रिपरिप सलग ढगातली आणि सर उभ्या ढगातली, मग एकाच दिवशी एकातून दुसरी कशी? पावसाळ्यात सलग पसरलेल्या ढगांत मध्येच उंच वाढलेला ढग दडलेला असतो. तो डोक्यावरून गेला की चालू पावसातच सर येते. लेखकाने पाहूनच लिहिलं आहे.

हवामानाच्या बातम्यांतून शब्द उचलणार असाल तर एक खाच आहे. तिथे ‘हलका’, ‘मध्यम’, ‘मुसळधार’ हे शब्द पाऊस कसा पडला ते सांगत नाहीत, २४ तासांत एकूण किती पडला ते सांगतात. हवामान विभागाच्या प्रतवारीत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हलका’ पाऊस. तुमची जोराची सर वीस मिनिटांत दहा मिलिमीटर देऊन गेली आणि दिवसभरात दुसरं काही पडलं नाही, तर नोंदीत तो दिवस ‘लाइट रेन’चा. छत्री उलटी झालेल्या माणसाला हे सांगून पाहा. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ यातला ‘तुरळक’ही पावसाचा नाही, ठिकाणांचा आहे. त्याचं इंग्रजी ‘ॲट आयसोलेटेड प्लेसेस’, म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर.

अचानक येणाऱ्या पावसात वळीवही येतो, पण त्याला ‘सडन शॉवर’ लिहून भागणार नाही, कारण त्या शब्दात ऋतू आहे. उन्हाळ्याची अखेर, दुपारभराचा उकाडा, धूळ उडवणारा वारा, विजा, कधी गारा, आणि मग मोठाले थेंब. माहितीपर लेखात ‘प्री-मॉन्सून थंडरशॉवर’ बरोबर आहे. कथेत तो कागदी वाटतो, तिथे मी ‘वळीव’ तसाच ठेवून पुढच्या वाक्यात धूळ आणि वीज दाखवीन. ‘मँगो शॉवर्स’ हा शब्द जास्त करून केरळ-कर्नाटकातला, आंबे पिकायला मदत करणारा पाऊस अशा अर्थाचा. मराठी कथेत वळवाने कैऱ्या झडल्या असतील तर तो शब्द भलतंच सांगेल. अवकाळी आणखी वेगळा. वळीव आपल्या वेळेवर येतो, लोक त्याची वाटही पाहतात. अवकाळी येऊ नये तेव्हा येतो, म्हणून तो ‘अनसीझनल रेन’. वर्तमानपत्रं हल्ली मे महिन्यातल्या वळवालाही अवकाळी म्हणतात, त्याला इलाज नाही.

आता तुमची वाक्यं. पहिलं : ‘अ थिन, स्टेडी रेन हॅड बीन फॉलिंग सिन्स मॉर्निंग.’ यात वैताग थोडा कमी पडतो. पात्र खरंच कंटाळलेलं असेल तर पुढे ‘अँड वुड नॉट लेट अप’ जोडा, आणि लेखक नुसतं वर्णन करत असेल तर जोडू नका. मागचापुढचा परिच्छेद तुमच्यासमोर आहे, तुम्हीच ठरवा. दुसरं : ‘इन दि आफ्टरनून अ शार्प शॉवर पास्ट ओव्हर.’ ‘येऊन गेली’ यातलं जाणं ‘पास्ट ओव्हर’मध्ये येतं, ‘देअर वॉज अ शॉवर’ लिहिलंत तर ते हरवतं. तिसऱ्यात ‘नुसती’ आणि ‘उरली’ हे शब्द भुरभुरीइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण दिवसभराचा पाऊस विरत विरत एवढासा राहिला आहे. ‘बाय ईव्हनिंग इट वॉज ड्रिझलिंग’ म्हटलं तर जणू नवाच पाऊस सुरू झाला. ‘बाय ईव्हनिंग इट हॅड थिन्ड टु अ ड्रिझल’ म्हणा. फक्त मग पहिल्या वाक्यातलं ‘थिन’ आणि इथलं ‘थिन्ड’ एकमेकांना खटकतात, तेव्हा पहिल्यात ‘थिन’ऐवजी ‘लाइट’ घ्या.