मध्ययुगीन गिल्ड, शहरांचा उदय आणि बाजारांचा प्रसार या तिन्ही टिपांत तेच ते मुद्दे येतात. प्रत्येक टीप वेगळी कशी लिहायची?

येणारच. गाईडात तिन्ही टिपांना एकच फोडणी असते: धर्मयुद्धं, लोखंडी नांगर, लोकसंख्यावाढ, नाण्यांचं चलन. यातलं काही खोटं नाही. पण ज्या चार कारणांनी गिल्डही निघतं, शहरही निघतं आणि बाजारही निघतो, त्यांनी यातल्या एकाचंही काही कळत नाही.

एम.ए.ला असताना शहरांच्या उदयावरची माझी टीप सरांनी वर्गात वाचून दाखवली होती, ‘असं लिहायचं नसतं’ याचा नमुना म्हणून. मी सगळी टीप जर्मनीतल्या फ्रायबुर्गवर खर्ची घातली होती. ‘शहरांचा उदय विचारलाय, एका शहराची कुंडली नाही,’ असं सर म्हणाले आणि वर्ग हसला. मला ते आजही पटलेलं नाही, म्हणून ती कुंडली इथे पुन्हा मांडतो.

११२० साली त्सेरिंगेन घराण्यातल्या कोनराडने स्वतःच्या जमिनीवर बाजार वसवायचं ठरवलं. आजूबाजूचे नामांकित व्यापारी बोलावून त्याने प्रत्येकाला १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद असा घरासाठी तुकडा दिला. भाडं वर्षाला एक शिलिंग, सेंट मार्टिनच्या सणाला द्यायचं. बाजाराला येता-जाता माझ्या हद्दीत कुणी लुटलं तर माल परत मिळवून देईन, नाहीतर पदरचे भरेन, अशी हमी दिली. माणूस वारला तर त्याची मालमत्ता बायकामुलांकडेच राहील. आपसात तंटा झाला तर निवाडा कोनराडच्या मर्जीने होणार नाही, व्यापाऱ्यांच्या, विशेषतः कोलोनच्या व्यापाऱ्यांच्या रिवाजाने होईल.

आता हे खेड्याशी ताडून पाहा. खेड्यातलं कुळ मेलं की अनेक ठिकाणी धनी गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर ओढून न्यायचा. न्यायनिवाडा त्याच्याच वाड्यावर व्हायचा. अशा ठिकाणी कापडाचे गठ्ठे घेऊन कोण घर बांधेल? कोनराडने वारसा, रस्ता आणि न्याय या तीन गोष्टींवरचा आपला हात आखडता घेतला आणि बदल्यात रोकड मिळवली. शहर म्हणजे वाढलेलं खेडं नव्हे, वेगळा कायदा लागू असलेली जमीन, हे त्या एका सनदेतून दिसतं. धर्मयुद्धांवर पानभर लिहूनही ते दिसत नाही. सरांचं लाडकं वाक्य होतं, ‘गिल्डांनी शहरं उभी केली.’ इथे जमीन, हमी आणि कायदा दिला तो सरंजामदाराने. विणकर-चांभारांची गिल्डं मागाहून आली.

गिल्डच्या टिपेत आधी व्यापाऱ्यांचं गिल्ड आणि कारागिरांचं गिल्ड वेगळं करा. बहुतेकांचे गुण इथेच जातात. पहिलं ठरवतं, गावात कोण विकणार. इंग्लंडमधल्या गावांत सभासदाला जकात माफ असे आणि बाहेरच्याला किरकोळ विक्रीची बंदी. दुसरं ठरवतं, माल कसा बनणार. त्यासाठी पॅरिस घ्या. १२६८च्या सुमाराला तिथला प्रोव्हो, म्हणजे राजाने नेमलेला शहराचा अधिकारी, एत्येन ब्वालो याने शंभरेक धंद्यांचे नियम लिहून घेतले. हाताखाली शिकाऊ उमेदवार किती ठेवायचे हे ठरलेलं, आणि कित्येक धंद्यांत रात्री काम करायला मनाई, कारण मेणबत्तीच्या उजेडात काम खराब होतं. गिऱ्हाइकाची काळजी होतीच, पण रात्रभर राबून शेजाऱ्याच्या पुढे जायची वाटही त्याने बंद झाली. हा दुसरा अर्थ लिहिलात तर टीप तुमची.

बाजारांसाठी तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधला ब्रॅक्टनच्या नावाने चालणारा कायदेग्रंथ पुरे. त्यातला हिशोब असा: माणसाची दिवसाची चाल २० मैल. तिचे तीन भाग करा, एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडी घरी परतायला. म्हणून जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत (नेमकं सहा पूर्णांक दोन तृतीयांश) नवा बाजार भरवला तर तो उपद्रव धरायचा. शेजारचा बाजार आदल्या दिवशी भरला तरी गिऱ्हाईक फुटतं, म्हणून वारांवरूनही भांडणं होत. राजाचा परवाना कशासाठी लागे, ते यावरून आपोआप समजतं.

एक सांगायचं राहिलं. फ्रायबुर्गच्या सनदेची मूळ प्रत उरलेली नाही, मजकूर नंतरच्या नकलांतून आलाय. आणि इटलीत शहरं रोमन काळापासूनच होती, तिथे ही कुंडली जुळत नाही. जवळच्या डोंगरात चांदी होती, हेही फ्रायबुर्गच्या पथ्यावर पडलं. आणि हो, तपासणारा मुद्दे मोजून गुण देणाऱ्यांपैकी असेल तर गाईडातली ती चार कारणं शेवटच्या दोन ओळींत टाकून द्या. सुरुवात मात्र त्यांनी करू नका, कुठलेही सर काहीही म्हणोत.